एक विनंती, नऊ चौकटी आणि दहा बाण

नव्यानं रुजू झालेल्या मित्रमैत्रिणींनो, पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तुमच्यासमोर सिस्टिमचं चित्र उघडेल, भराभर बोलेल आणि ‘काही शंका?’ असं विचारून पुढच्या मीटिंगला जाईल. चित्रात पंधरा-वीस चौकटी असतील. आपली नजर आधी चौकटींवर जाते, कारण नावं तिथे लिहिलेली असतात: रेडिस, काफ्का, गेटवे, प्रॉक्सी. यातली निम्मी नावं ओळखीची नसली की माणूस तिथेच थबकतो आणि बाकीचं ऐकू येईनासं होतं.

ती नावं थोडा वेळ बाजूला ठेवा. रेडिस म्हणजे काय, हे संध्याकाळी बसून वाचता येतं. त्यावर भरपूर लिहिलेलं आहे. तुमच्याच सिस्टिममध्ये रेडिसशी कोण बोलतं, कशासाठी बोलतं आणि उत्तर आलं नाही तर पुढे काय होतं, हे मात्र बाहेर कुठेही लिहिलेलं नसतं. ते बाणांत दडलेलं असतं, म्हणून बाणांपासून सुरुवात करू.

समजा, बसच्या तिकिटांचं ऑनलाइन आरक्षण करणारी एक सिस्टिम आहे. कागद घ्या आणि माझ्याबरोबर काढा. डावीकडे प्रवाशाचा ब्राउझर. त्याच्या पुढे लोड बॅलन्सर. त्याच्या पुढे ‘बुकिंग’ नावाची सर्व्हिस, आणि तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘×2’ लिहिलेलं. बुकिंगच्या खाली दोन नळकांडी: एक रेडिस, एक पोस्टग्रेस. वर, तुटक रेषेच्या पलीकडे, पेमेंट गेटवे. उजवीकडे क्यू, क्यूच्या पुढे ‘नोटिफिकेशन वर्कर’ आणि सगळ्यांत शेवटी, पुन्हा तुटक रेषेपलीकडे, एसएमएस पाठवणारी कंपनी. झाल्या नऊ चौकटी.

आता बाण. ब्राउझरकडून लोड बॅलन्सरकडे, तिथून बुकिंगकडे. बुकिंगकडून रेडिस, पोस्टग्रेस, गेटवे आणि क्यू यांच्याकडे प्रत्येकी एक. ब्राउझरकडून थेट गेटवेकडे एक, आणि गेटवेकडून उलटा बुकिंगकडे एक. क्यूकडून वर्करकडे, वर्करकडून एसएमएस कंपनीकडे. असे दहा. गेटवेचा उलटा बाण नीट काढा. पुढे त्याचं काम आहे.

चित्र वाचण्याआधी एकच गोष्ट तपासायची: ते किती उंचीवरून काढलंय? सायमन ब्राउन यांच्या सी-फोर पद्धतीत अशा चार उंच्या मानल्या आहेत. सगळ्यांत वर अख्खी सिस्टिम एकाच चौकटीत असते आणि भोवती माणसं व बाहेरच्या सिस्टिम्स असतात. त्याखाली वेगवेगळे चालणारे प्रोग्रॅम आणि डेटाचे साठे दिसतात. त्याखाली एका प्रोग्रॅमच्या पोटातले भाग, आणि तळाला कोड. आपलं चित्र दुसऱ्या पायरीवरचं आहे: बहुतेक प्रत्येक चौकट म्हणजे स्वतंत्रपणे चालू किंवा बंद करता येणारी एक वस्तू. प्रत्यक्षात मिळणाऱ्या चित्रांत पुष्कळदा या पायऱ्यांची सरमिसळ असते. एक चौकट म्हणजे अख्खा सर्व्हर, शेजारची म्हणजे कोडमधला एक क्लास, आणि दोन्ही सारख्याच आकाराच्या. चित्र डोक्यात शिरत नाही, याचं कारण पुष्कळदा ही सरमिसळ असते. अशा वेळी प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून विचारा, ‘ही एकटी रीस्टार्ट करता येते का?’ ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ती दुसऱ्या कुठल्या तरी चौकटीच्या आतली आहे.

आता चित्र सगळं एकदम बघू नका. एक विनंती निवडा आणि तिच्यामागे बोट फिरवा. आपली विनंती अशी: प्रवाशाला 4521 क्रमांकाच्या फेरीतली 14 नंबरची सीट हवी आहे. प्रत्येक बाणावर थांबून तीन प्रश्न विचारायचे. बोलणं सुरू कोण करतं? सुरू करणारा उत्तरासाठी थांबून राहतो का? आणि समोरचा गप्प राहिला तर काय होतं?

पहिले दोन बाण सोपे आहेत. विनंती लोड बॅलन्सरकडे येते आणि तो ती बुकिंगच्या दोन प्रतींपैकी एकीकडे ढकलतो. ते कोपऱ्यातलं ‘×2’ इथे कामाला येतं. दोन प्रती म्हणजे दोन वेगळे प्रोग्रॅम; एकाच्या मेमरीत लिहिलेलं दुसऱ्याला दिसत नाही. प्रवाशाची पहिली विनंती एका प्रतीकडे आणि दुसरी दुसरीकडे जाऊ शकते. त्यामुळे ‘14 नंबरची सीट सध्या कोणीतरी धरून ठेवली आहे’ ही माहिती दोन्ही प्रतींच्या बाहेर, दोघींना दिसेल अशा जागी ठेवावी लागते. रेडिसची चौकट तिथे का आहे, याचं उत्तर तुम्हाला रेडिसबद्दल काहीही न वाचता मिळालं. बुकिंग त्याला जे सांगते ते साधारण असं:

```
SET seat:4521:14 user-88 NX EX 600
```

`NX` म्हणजे ही नोंद आधीच नसेल तरच कर. `EX 600` म्हणजे 600 सेकंदांनी ती आपोआप पुसून टाक. दोन प्रवाशांनी एकाच क्षणी एकच सीट मागितली, तरी एकाचीच नोंद होते. ज्याची झाली त्याला पैसे भरायला दहा मिनिटं मिळतात.

पुढचा बाण गेटवेकडे. बुकिंग गेटवेला सांगते, ‘इतक्या रुपयांचा व्यवहार सुरू करायचा आहे, क्रमांक द्या,’ आणि उत्तराची वाट बघत उभी राहते. दुसरा प्रश्न इथे किती मोलाचा आहे, ते हिशेब करून बघा. समजा, बुकिंगच्या एका प्रतीत 50 थ्रेड आहेत, म्हणजे ती एका वेळी 50 विनंत्या हाताळू शकते. गेटवे एरवी 0.2 सेकंदांत उत्तर देतो. मग एक थ्रेड सेकंदाला पाच विनंत्या उरकतो आणि सगळे मिळून 250. आता गेटवे सुस्तावला आणि आपण टाइमआउट 30 सेकंदांचा ठेवलाय. 50 भागिले 30, म्हणजे सेकंदाला दोन विनंत्यासुद्धा नाहीत. ज्याला फक्त उद्याच्या बसच्या वेळा बघायच्या आहेत, ज्याचा गेटवेशी काडीचाही संबंध नाही, तो प्रवासीही ताटकळतो, कारण सगळे थ्रेड गेटवेच्या दारात अडकलेले असतात.

हे ओळखायचं कसं? बुकिंगचा सीपीयू जवळजवळ रिकामा असतो, डेटाबेसही निवांत असतो, आणि तरी साइट लटकलेली असते. असं दिसलं की चित्रात बुकिंगमधून निघणारे ‘थांबून राहणारे’ बाण शोधा. त्यांच्यापैकी तुटक रेषेच्या बाहेर जाणाऱ्यावर आधी संशय घ्या, कारण पलीकडच्या यंत्रांवर आपला ताबा नाही. माझं मत असं की चित्रात असा थांबणारा प्रत्येक बाण टाइमआउटच्या आकड्यासह लिहिलेला असावा. तसा तो क्वचितच असतो. म्हणून तुम्ही कोडमध्ये शोधून आपल्या कागदावर लिहा.

आता तो उलटा बाण. प्रवासी ब्राउझरमधून थेट गेटवेच्या पानावर जातो आणि यूपीआयनं पैसे भरतो. पैसे जमा झाले, हे बुकिंगला कसं कळणार? गेटवे स्वतःहून आपल्या एका पत्त्यावर विनंती पाठवतो. यालाच वेबहुक म्हणतात. इथे भूमिका उलटतात: बोलणं सुरू करतो गेटवे, आणि उत्तर द्यायचं असतं आपण. चित्रात हा बाण सरळ बुकिंगवर आणून टेकवलेला असतो, पण प्रत्यक्षात ती विनंतीही लोड बॅलन्सरमधूनच येते आणि कोणत्याही प्रतीकडे जाऊ शकते.

तिसरा प्रश्न इथे विचारा. गेटवेनं निरोप पाठवला, बुकिंगनं तो घेतला, पण ‘मिळाला’ हे उत्तर वाटेत हरवलं. गेटवेच्या दृष्टीनं निरोप पोहोचलाच नाही. बहुतेक गेटवे अशा वेळी तोच निरोप पुन्हा पाठवतात. म्हणजे एकाच पेमेंटचा निरोप दोनदा येणार, हे गृहीत धरूनच कोड लिहावा लागतो. सोपा उपाय म्हणजे पोस्टग्रेसमध्ये पेमेंट क्रमांकाच्या रकान्यावर युनिक अट घालायची. दुसऱ्यांदा तोच क्रमांक लिहायला गेलं की डेटाबेसच नाही म्हणतो, आणि बुकिंगनं शांतपणे ‘मिळाला’ म्हणून मोकळं व्हायचं. बाहेरून आत येणारा कोणताही बाण दिसला की ‘हा दोनदा आला तर?’ असं विचारायची सवय लावून घ्या.

याच बाणाशी आणखी एक अडचण जोडलेली आहे आणि ती चित्रात दिसतच नाही. सीट दहा मिनिटं धरलेली आहे. प्रवाशाचं नेटवर्क अडखळलं आणि पैसे अकराव्या मिनिटाला जमा झाले. तोवर रेडिसमधली नोंद पुसली गेली आणि दुसऱ्या कोणीतरी 14 नंबरची सीट घेतली. आता वेबहुक येतो: पैसे मिळाले, सीट मात्र नाही. चित्रातला एकही बाण चुकलेला नाही, तरी घोळ झालेला आहे. रेल्वेच्या नकाशात स्थानकं असतात पण गाड्यांच्या वेळा नसतात, तसंच या चित्रांचं आहे: कोण कोणाला जोडलंय ते कळतं, कधी आणि कोणत्या क्रमानं ते कळत नाही. त्यामुळे मार्गदर्शकांना विचारायचा प्रश्न असा: ‘पेमेंट उशिरा आलं तर आपण काय करतो?’ उत्तर ‘पैसे परत करतो’ असं असेल, तर परताव्याचा बाण चित्रात कुठे आहे तेही विचारा. आपण काढलेल्या दहा बाणांत तो नाही.

क्रमाचा प्रश्न पुढे आणखी टोकदार होतो. वेबहुक आल्यावर बुकिंग दोन कामं करते: पोस्टग्रेसमध्ये तिकीट पक्कं करते आणि क्यूमध्ये ‘या प्रवाशाला एसएमएस पाठवा’ असा निरोप टाकते. चित्रात एकाच चौकटीतून दोन बाण निघालेले दिसतात, एक खाली आणि एक उजवीकडे. आधी कोणता? डेटाबेसात आधी लिहिलं आणि क्यूत टाकण्याआधी बुकिंग बंद पडली, तर तिकीट पक्कं झालं पण एसएमएस कधीच जाणार नाही. क्यूत आधी टाकलं आणि डेटाबेसात लिहिणं फसलं, तर नसलेल्या तिकिटाचा एसएमएस जाईल. दोन वेगळ्या साठ्यांत ‘एकतर दोन्ही होऊ दे नाहीतर एकही नको’ अशी हमी आपोआप मिळत नाही. म्हणून काही टीम असं करतात: निरोपसुद्धा पोस्टग्रेसमध्येच, तिकिटाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, एका वेगळ्या टेबलात लिहितात. मग दुसरा एक छोटा प्रोग्रॅम त्या टेबलातून निरोप उचलून क्यूमध्ये टाकतो. या टेबलाला आउटबॉक्स म्हणतात. यातही तो छोटा प्रोग्रॅम मध्येच पडला तर निरोप दोनदा जाऊ शकतो, पण दोनदा आलेला एसएमएस न आलेल्यापेक्षा परवडतो. तुमच्या टीमच्या चित्रात बुकिंगकडून क्यूकडे थेट बाण नसेल आणि पोस्टग्रेस आणि क्यू यांच्यामध्ये एखादी चौकट असेल, तर ती बहुधा याच कारणानं आहे.

क्यूच्या उजवीकडचा भाग लवकर उरकतो. बुकिंग निरोप टाकते आणि क्यूनं ‘घेतला’ म्हटलं की आपल्या कामाला लागते. वर्करनं तो कधी उचलला याच्याशी तिला देणंघेणं नाही. एसएमएस कंपनी तासभर बंद पडली तरी तिकिटं निघत राहतात, क्यूमध्ये निरोप साठतात आणि कंपनी सुरू झाल्यावर ते जातात. म्हणून साइट बंद पडली असताना क्यूच्या पलीकडे आधी शोधू नका. ‘एसएमएस उशिरा येतोय’ अशी तक्रार असेल तर मात्र आधी क्यूमध्ये किती निरोप पडून आहेत ते बघा.

क्यूकडून वर्करकडे जाणाऱ्या बाणावर मात्र थोडं थांबायला हवं. पहिला प्रश्न आठवा: बोलणं सुरू कोण करतं? बाण क्यूकडून वर्करकडे आहे, म्हणून क्यू वर्करला शोधत येतो असं वाटेल. तसं नसतं. रॅबिटएमक्यू असो की काफ्का, वर्कर स्वतः क्यूच्या पत्त्यावर जाऊन जोडणी उघडतो. रॅबिटएमक्यू मग त्या उघडलेल्या वाटेनं निरोप ढकलतो, काफ्कात वर्कर पुन्हा पुन्हा ‘नवीन काही आहे का?’ असं विचारतो. म्हणजे इथे बाणानं माहिती कुठून कुठे जाते ते सांगितलं. आणि बुकिंगकडून पोस्टग्रेसकडे जाणारा बाण? सीटची माहिती वाचताना डेटा उलट, पोस्टग्रेसकडून बुकिंगकडे येतो, तरी बाण बुकिंगकडूनच निघतो. तिथे त्यानं कोण कोणाला हाक मारतं ते सांगितलं. एकाच चित्रात, सारख्याच दिसणाऱ्या दोन बाणांचे दोन अर्थ! तुम्हाला गोंधळल्यासारखं झालं तर तो दोष चित्राचा आहे. फायरवॉलचे नियम लिहायची वेळ आली की हा फरक खराखुरा त्रास देतो: डेटाची दिशा बघून क्यूकडून वर्करकडे वाट उघडली, तर वर्करला जोडणी मिळतच नाही, आणि लॉगमध्ये नुसते टाइमआउट दिसत राहतात.

यावर मी सुचवेन तो उपाय साधा आहे. प्रत्येक बाणाचं एक पूर्ण वाक्य करा, क्रियापदासकट. ‘वर्कर क्यूशी 5672 पोर्टवर जोडणी उघडतो आणि निरोप घेतो.’ ‘बुकिंग पोस्टग्रेसमध्ये तिकीट लिहिते आणि ते लिहून होईपर्यंत थांबते.’ ज्या बाणाचं वाक्य तुम्हाला करता येत नाही, तो तुम्हाला कळलेला नाही. पुष्कळदा तो समजावणाऱ्यालाही धड कळलेला नसतो. तुटक रेषांचंही तसंच. यूएमएलच्या सीक्वेन्स डायग्राममध्ये तुटक बाण म्हणजे परत येणारं उत्तर, असा ठरलेला अर्थ आहे. पण फळ्यावर किंवा स्लाइडवर काढलेल्या चित्रांत तुटक रेषा कधी ‘न थांबणारा निरोप’ असते, कधी ‘अजून बांधायचं आहे’, तर आपल्या चित्रात ती ‘इथून पुढे परक्याची हद्द’ होती. कोपऱ्यात सूची नसेल तर अंदाज करत बसू नका, काढणाऱ्याला विचारा.

शेवटचं काम चित्राच्या बाहेरचं आहे. चित्राच्या कोपऱ्यात तारीख शोधा. ती दीड-दोन वर्षांपूर्वीची असेल किंवा नसेलच, तर चित्र आणि चालू सिस्टिम यांच्यात अंतर पडलेलं आहे असं धरून चाला. ते मोजायला फार काही लागत नाही. एखाद्या सर्व्हिसला कोणाकोणाशी बोलायचं आहे, हे बहुतेक वेळा तिच्या सेटिंग्जमध्ये लिहिलेलं असतं. बुकिंगच्या `docker-compose.yml` मध्ये समजा असं दिसलं:

```yaml
booking:
  environment:
    DB_URL: postgres://db:5432/booking
    REDIS_URL: redis://cache:6379/0
    AMQP_URL: amqp://mq:5672
    REPORT_DB_URL: postgres://replica:5432/booking
```

पहिल्या तीन ओळी म्हणजे चित्रातले तीन बाण, एकेक करून जुळवून घ्या. चौथी ओळ मात्र चित्रात कुठेच नाही. पोस्टग्रेसची एक दुसरी प्रत आहे आणि बुकिंग अहवालांसाठी तिच्याकडून वाचते. अशी प्रत मूळ डेटाबेसच्या थोडी मागे असू शकते. म्हणजे आत्ताच पक्कं झालेलं तिकीट अहवालात काही क्षण दिसणार नाही, आणि कोणीतरी ‘बुकिंग गायब झालं’ अशी तक्रार करेल. आणि गेटवेचा पत्ता? तो या चार ओळींत नाही. मग तो कोडमध्ये किंवा दुसऱ्या फाइलमध्ये असणार. सगळ्या फोल्डरवर एकदा हे चालवा:

```
grep -rnE "https?://|_URL" .
```

यात पुष्कळ फालतू ओळीही येतील, त्या गाळा. शिवाय ही पद्धत सेटिंग्जमध्ये लिहिलेलं तेवढंच दाखवते. प्रत्यक्षात वापरात नसलेला जुना पत्ताही तिथे पडून असू शकतो. तुम्हाला लिनक्स सर्व्हरवर जायची परवानगी असेल, तर `ss -tnp` या आज्ञेनं त्या क्षणी उघड्या असलेल्या जोडण्या दिसतात. दुसऱ्याच्या मालकीचे प्रोसेस बघायला जादा अधिकार लागतात, तेव्हा आधी विचारून घ्या. जोडण्यांच्या यादीत 6379 दिसलं की रेडिस, 5432 दिसलं की पोस्टग्रेस, 9092 दिसलं की बहुधा काफ्का. क्षणभरासाठी उघडून मिटणाऱ्या जोडण्या या यादीतून निसटतात, म्हणून ती दोन-चार वेळा, शक्यतो गर्दीच्या वेळी बघा.

एवढं झालं की तुमच्या कागदावर मूळ चित्र, प्रत्येक बाणाचं वाक्य, माहीत झालेले टाइमआउट आणि एखाद-दुसरा नवा बाण असेल. तो कागद घेऊन मार्गदर्शकांकडे जा. ‘मला हे चित्र समजावून सांगा’ म्हणू नका, त्याचं उत्तर पुन्हा तेच भराभर बोलणं असेल. ‘बुकिंग `replica` कडून वाचते असं सेटिंग्जमध्ये आहे, चित्रात ते दिसत नाही, ते अजून वापरात आहे का?’ असं विचारा. हो म्हणाले, तर चित्राची मूळ फाइल कुठे आहे ते त्याच वेळी विचारून घ्या, अकरावा बाण काढा, त्यावर ‘अहवालांसाठी वाचते, माहिती थोडी जुनी असू शकते’ एवढं लिहा, आणि कोपऱ्यात आजची तारीख टाका.